रात्री दोन वाजता फोन कोणाला जातो?

वाचकाचे पत्र

‘मी अंबड औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची प्लांट हेड आहे. आमच्या मशीन शॉपचे मॅनेजर जानेवारीअखेर निवृत्त झाले. तेव्हापासून तेरा वर्षे इथेच असलेले डेप्युटी मॅनेजर शॉप सांभाळत आहेत. ती जागा त्यांनाच मिळणार असे शॉपमधल्या सेहेचाळीसही जणांनी धरले होते. जूनमध्ये मी आणि एचआरने त्यांची मुलाखत घेतली. पण इलेक्ट्रिक वाहनांच्या नव्या ग्राहकासाठी लाइन उभी करायची असल्याने तसे काम केलेल्या चाकणच्या एका गृहस्थांची निवड झाली. ते 1 सप्टेंबरला रुजू होतील, म्हणजे तीन आठवडे उरले आहेत. डेप्युटींना निकाल कळवायचे राहूनच गेले आहे आणि शॉपमध्ये कुजबुज सुरू झाली आहे. त्यांना ‘सीनियर डेप्युटी मॅनेजर’ करून थोडी पगारवाढ द्यावी, असे व्यवस्थापन म्हणते. ते करू का? नव्या मॅनेजरांना हे सारे आधी सांगावे का? आणि पहिला महिना कसा आखावा?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले एक वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, आणि ते नव्या मॅनेजरांविषयीचे नाही. मुलाखत होऊन दोन महिने झाले आणि निकाल सांगितलेला नाही, हे ते वाक्य. आपण हे उत्तर वाचाल त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डेप्युटींना बोलावून घ्या. बाकीचे सगळे त्यानंतर.

इतकी घाई का, हे माझ्या नोकरीतल्या एका प्रसंगावरून सांगतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी एचआरचे काम पाहत होतो आणि तिथे मशीन शॉपची हीच परिस्थिती होती. अकरा वर्षांचे अनुभवी डेप्युटी तिथे होते आणि मॅनेजर मात्र बाहेरून घेतले. सांगायला योग्य वेळ शोधू, असे आम्ही ठरवले आणि ती वेळ शोधण्यातच दिवस गेले. एका सकाळी स्टोअरमध्ये नव्या मॅनेजरांच्या व्हिजिटिंग कार्डांचा नमुना मंजुरीसाठी आला. स्टोअरकीपरने भाबडेपणाने तो डेप्युटींच्या हातात ठेवला आणि ‘हे आपल्याच शॉपचं दिसतंय, साहेब’ असे म्हणाला. त्यांनी कार्ड वाचले, परत दिले आणि ते लाइनवर निघून गेले. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही, त्यांनी माझ्याकडे या विषयाचा एक शब्दही काढला नाही. पद गेल्याचे दुःख त्यांनी पचवले असते असे मला आजही वाटते. स्टोअरकीपरसमोर कळले, हे त्यांना पचले नाही. ही चूक माझी होती आणि ती नंतर कोणत्याही कार्यक्रमाने भरून निघाली नाही.

आता त्या बैठकीबद्दल. ती आपण एकट्यानेच घ्या, एचआरला सोबत बसवू नका. कारण टेबलापलीकडे दोघे बसले की समोरच्याला चौकशी चालू असल्यासारखे वाटते. शनिवारची संध्याकाळ टाळा, नाहीतर माणूस दीड दिवस एकटाच त्या गोष्टीत घोळत राहतो. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग संपल्यावर अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा आणि पहिल्या दोन मिनिटांतच निर्णय सांगा. प्रस्तावना लांबली की ती ऐकणाऱ्याला आधीच सगळे समजते आणि मग पुढचे कौतुक त्याच्या कानात शिरत नाही.

शब्द साधारण असे असावेत: ‘मॅनेजरच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. पुण्याकडचे एक गृहस्थ 1 सप्टेंबरला येत आहेत. हा निर्णय माझा आहे. नव्या ग्राहकाची लाइन आपल्याला पुढच्या वर्षभरात शून्यातून उभी करायची आहे, आणि तसे काम दोनदा केलेला माणूस मला हवा होता. तुम्ही ते केलेले नाही, कारण इथे ती संधीच आली नाही. आणि हे मी तुम्हाला जूनमध्येच सांगायला हवे होते; ते सांगितले नाही ही माझी चूक.’ यात नेमके कारण आहे आणि ते खरे आहे. ‘वरून तसे आले’ असे म्हणू नका. त्याने आपले ओझे हलके होईल, पण निर्णय कोणाचा हे त्यांना कधीच कळणार नाही आणि येणारा माणूस कोणाच्या विश्वासावर आला आहे हेही नाही. ‘पुढच्या वेळी नक्की तुम्हीच’ असेही म्हणू नका, कारण ते आपल्या हातात नाही. आणि त्याच बैठकीत ‘नव्या मॅनेजरांना सहकार्य करा’ ही विनंती तर मुळीच नको. जखम दाखवायच्या आधीच कामाला लावल्यासारखे ते होते.

कॅथरिन डलुगॉस आणि जे. आर. केलर या अमेरिकी संशोधकांनी 2021 साली एका मोठ्या कंपनीतील अशा नऊ हजारांहून अधिक नकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतल्या जागेसाठी अर्ज करून नाकारले गेलेले लोक कंपनी सोडण्याची शक्यता वाढते, हे अपेक्षित होते. लक्षात ठेवण्यासारखे हे की ती शक्यता दोन प्रसंगी बरीच कमी राहिली: जागा आतल्याच एखाद्या सहकाऱ्याला मिळाली तेव्हा, आणि निवड करणाऱ्या वरिष्ठाने त्या उमेदवाराची स्वतः मुलाखत घेतली होती तेव्हा. माणूस नकारातून आपल्या पुढच्या संधीचा अंदाज बांधतो, असा त्याचा अर्थ आहे. आपल्या बाबतीत पहिली गोष्ट हातची गेली आहे, कारण माणूस बाहेरून आला. दुसरी मात्र आपण केली होती. मुलाखत आपण स्वतः घेतली आणि मग निकाल न सांगता ती वाया घालवली. त्यामुळे ही बैठक त्या मुलाखतीचा उरलेला अर्धा भाग आहे असे समजा. मुलाखतीत त्यांचे काय चांगले वाटले आणि कुठे अनुभव कमी पडला, हे नावानिशी आणि कामानिशी सांगा.

तीन-चार दिवसांनी दुसरी बैठक घ्या. पहिल्या वेळी ते बहुधा फारसे बोलणार नाहीत. दुसऱ्या वेळी मात्र आपण कमी बोलून विचारावे: त्यांना पुढे काय हवे आहे, नव्या लाइनचा कोणता भाग स्वतःकडे घ्यायला आवडेल, आणि इथे राहायचे आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण न विचारल्यास त्याचे उत्तर सिन्नरच्या किंवा गोंद्याच्या एखाद्या कारखान्याकडून आपल्याला कळेल. ते दुसरीकडे प्रयत्न करत असतील तर त्यात विश्वासघात नाही. शॉपची माहिती, म्हणजे कोणत्या मशीनची काय खोड आहे आणि कोणता पुरवठादार महिनाअखेरीस कसा वागतो, ती मात्र ऑगस्टमध्येच लिहून घेण्यास सुरुवात करा. ते राहोत वा जावोत, ती लागणारच आहे.

यातच सहा महिन्यांच्या प्रभारी कामाचा हिशेब येतो. आपण पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून विचारतो: त्या काळात त्यांना मॅनेजरच्या कामाचा भत्ता मिळाला का? नसेल, तर जानेवारीअखेरपासूनची थकबाकी काढा आणि कोणत्या कामासाठी किती, असे लिहिलेले पत्र त्यांना द्या. ते पैसे त्यांच्या कामाचे आहेत. सांत्वन म्हणून, किंवा नव्या मॅनेजरांना शिकवण्याच्या अटीवर ते देऊ नका.

‘सीनियर डेप्युटी’ या पदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: देऊ नका. मशीन शॉपमध्ये शब्द लगेच जोखले जातात. ज्या पदासोबत एकही नवा निर्णय येत नाही, ते पद शॉपमधला प्रत्येक जण ‘गप्प बसवायला दिलेलं’ असे म्हणेल, आणि त्यात डेप्युटींची शोभा होईल. शिवाय नव्या मॅनेजरांना ‘शॉपमध्ये दोन साहेब आहेत’ असा संदेश पहिल्याच दिवशी मिळेल. पगारवाढ योग्य वाटत असेल तर ती नेहमीच्या वेळी, नेहमीच्या निकषांनी द्या.

त्यापेक्षा निर्णय वाटून द्या. एका पानावर, साध्या वाक्यांत. चालू लाइनचे रोजचे उत्पादन, शिफ्टवर माणसांची बसवणूक, टूलला धार लावून देणारा पुरवठादार निवडणे, हे डेप्युटींकडे, आणि त्यात मॅनेजरांची परवानगी नको. नवी लाइन, ग्राहकाशी बोलणे, मोठी खरेदी, आणि सर्वांचे मूल्यमापन हे मॅनेजरांकडे. नव्या लाइनमधले जिग-फिक्स्चर आणि सेटर तयार करण्याचे काम डेप्युटींच्या नावावर लावता आले तर फारच उत्तम. कारण ज्या अनुभवाच्या अभावी ते मागे राहिले, तोच अनुभव त्यांना वर्षभरात मिळेल. हे पान दुसऱ्या बैठकीत त्यांच्यासमोर कच्चे ठेवा आणि त्यांना त्यात खोडाखोड करू द्या. नंतर तेच पान नव्या मॅनेजरांना रुजू होण्याआधी पाठवा.

एक बारीक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. हजेरी आणि रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉपची रजा मंजूर करणारे म्हणून सध्या डेप्युटींचे नाव असेल. ते 1 सप्टेंबरला सकाळी बदललेले असले पाहिजे, आणि तो बदल होणार हे डेप्युटींना आधी माहीत असले पाहिजे. दोन आठवडे तो बदल राहून गेला, तर लोक त्यातून जो अर्थ काढायचा तो काढतात. आणि बदल झाला पण डेप्युटींना स्वतःच्या स्क्रीनवर अचानक कळले, तर पुन्हा तोच व्हिजिटिंग कार्डाचा प्रकार झाला.

नव्या मॅनेजरांना आधी सांगावे का, याचे उत्तर होय, आणि ते रुजू होण्याच्या किमान आठवडाभर आधी. पुष्कळ ठिकाणी हे लपवले जाते, कारण नवा माणूस बिचकेल असे वाटते. मग तो पहिल्या दिवशी डेप्युटींना ‘तुम्ही माझे उजवे हात’ असे उत्साहाने म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा का उतरला हे त्याला महिनाभराने कॅन्टीनमध्ये कळते. आपण त्यांना फोन करून सांगा की शॉपमध्ये एक अंतर्गत उमेदवार होते, त्यांनी सहा महिने शॉप चालवले, निर्णयाचे कारण हे, आणि त्यांना ते सांगून झाले आहे. हे सांगणार आहोत, असे डेप्युटींनाही कळवा. मुलाखतीत कोण कुठे कमी पडले, ते मात्र सांगू नका. ते आपल्या आणि डेप्युटींमधले आहे.

पहिल्या सकाळी सर्वांसमोर ओळख होण्याआधी त्या दोघांची पंधरा मिनिटांची भेट होऊ द्या, आपल्याशिवाय. तिथे नव्या मॅनेजरांनी सहानुभूती दाखवू नये. ‘खरं तर ही जागा तुमचीच होती’ हे वाक्य कितीही मनापासून म्हटले तरी ऐकणाऱ्याला ते वरून टाकल्यासारखे लागते. त्यांनी इतकेच म्हणावे: ‘तुम्हीही या जागेसाठी होतात हे मला माहीत आहे. शॉप तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्या महिन्यात मी चुकीच्या दिशेला निघालो तर मला लगेच सांगा, चारचौघांत सांगितलंत तरी चालेल.’ आणि सांगितल्यावर खरोखर ऐकावे.

शॉपला सांगण्याचे काम आपलेच आहे. डेप्युटींच्या दुसऱ्या बैठकीनंतर आधी शिफ्ट सुपरवायझरांना आणि त्याच दिवशी तिन्ही शिफ्टना, शिफ्ट बदलाच्या वेळी लाइनवर उभे राहून सांगा. रात्रपाळीलाही स्वतः या. नोटीस बोर्डावरचा कागद त्यानंतर लागू द्या. नव्या माणसाच्या कर्तृत्वाची यादी वाचू नका, कारण प्रत्येक ओळ ‘मग आमचे साहेब कमी पडले का’ या प्रश्नासारखी ऐकू येते. कोणी तो प्रश्न थेट विचारला, तर ‘हा निर्णय मी घेतला, कारण नव्या लाइनचा अनुभव हवा होता, आणि हे मी त्यांच्याशी आधी बोलले आहे’ इतके उत्तर पुरे.

आता पहिला महिना. सातपूरच्या त्या प्रसंगाकडे पुन्हा जातो, कारण त्यात खरा धोका कसा दिसतो ते आहे. आम्हाला भीती होती बंडाची. घडले नेमके उलट: कोणी कशालाही नाही म्हटले नाही. नव्या मॅनेजरांनी दुसऱ्याच आठवड्यात ठरवले की बोअरिंगच्या इन्सर्टचे आयुष्य वाढवायचे आणि दर 150 नगांनंतर तो बदलायचा, कारण त्यांच्या आधीच्या कारखान्यात तसे उत्तम चालत होते. तिथे कूलंट जास्त दाबाने येत होते. आमच्या शॉपमध्ये एका जुन्या टर्निंग सेंटरचा कूलंट पंप अशक्त होता, आणि त्यावर 110 नगांच्या पुढे बोअर हळूहळू लहान होऊ लागतो हे प्रत्येक सेटरला ठाऊक होते. सूचना सकाळच्या मीटिंगमध्ये वाचली गेली. सर्वांनी ‘हो साहेब’ म्हटले. डेप्युटी टेबलाच्या त्याच बाजूला बसले होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते. दोन दिवसांत नाकारलेल्या नगांच्या लाल क्रेटचा ढीग लागला, आणि त्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या सेटरला मी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

सांगितले तेवढेच करणे आणि त्यापुढे एक शब्दही न बोलणे, हा अशा शॉपचा निषेध असतो. म्हणून शांतता हे चांगले लक्षण मानू नका. वाद घालणारा सुपरवायझर दिसला तर बरे वाटून घ्या. मीटिंगमध्ये सगळे डेप्युटींकडे एक नजर टाकून मगच मान हलवत असतील, किंवा नव्या मॅनेजरांच्या प्रत्येक सूचनेची ‘लेखी द्या’ अशी मागणी होत असेल, तर शॉप अजून त्यांच्याकडे आलेले नाही.

यावर उपाय म्हणून नव्या मॅनेजरांनी पहिले तीस दिवस, सुरक्षिततेची बाब सोडून, चालू लाइनवर कोणतीही पद्धत बदलू नये. त्या काळात ते रिकामे बसणार नाहीत, कारण नव्या लाइनचे काम लगेच सुरू होते आहे. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी तिन्ही शिफ्टमध्ये प्रत्येकी किमान दोन दिवस पूर्ण वेळ काढावा आणि प्रत्येक सुपरवायझर-सेटरला एकच प्रश्न विचारावा: ‘या मशीनवर असं काय आहे, जे ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही?’ पंपासारख्या गोष्टी अशाच बाहेर येतात. त्यातली शॉपला बरीच वर्षे सलणारी एक छोटी गोष्ट निवडून ती महिन्याच्या आत दुरुस्त करून द्यावी, आणि ती कोणी सुचवली होती त्याचे नाव मीटिंगमध्ये घ्यावे. ते नाव डेप्युटींचे निघाले तर ओढूनताणून नव्हे, पण आवर्जून घ्यावे.

चौथ्या आठवड्यात एक बैठक ठेवा. ही पद्धत मोठ्या कंपन्यांमध्ये दीर्घकाळ वापरात आहे. नवे मॅनेजर खोलीबाहेर थांबतात, आणि एचआरमधला किंवा दुसऱ्या विभागातला, शॉपचा कोणीही वरिष्ठ नसलेला माणूस सुपरवायझर व इंजिनिअरांना विचारतो: साहेबांबद्दल काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे, कशाची काळजी वाटते, आणि आपल्याबद्दल त्यांनी काय समजून घ्यावे. उत्तरे फळ्यावर लिहिली जातात, कोणाचे काय हे न लिहिता. मग तो माणूस मॅनेजरांना ती एकट्याने समजावतो आणि त्याच दिवशी मॅनेजर आत येऊन एकेका मुद्द्याला उत्तर देतात. ‘त्याच दिवशी’ हे महत्त्वाचे आहे; उत्तर दुसऱ्या आठवड्यावर गेले तर लोक पुन्हा बोलत नाहीत. डेप्युटी या बैठकीत असावेत की नाही, हे त्यांनाच विचारा. ते असले तर काही जण मोकळे बोलणार नाहीत, ते नसले तर डावलल्यासारखे होईल. हा पेच त्यांनी सोडवलेला बरा. आणि हे पहिल्या आठवड्यात करू नका, तेव्हा लोकांकडे बोलण्यासारखे फक्त ऐकीव असते.

आता ज्या गोष्टीला मी सर्वांत जास्त जपेन, ती सांगतो: आपल्या केबिनचे दार. सहा महिने डेप्युटी थेट आपल्याकडे येत होते. तेरा वर्षांच्या ओळखीने ते 1 सप्टेंबरनंतरही येतील, आणि सुपरवायझरही येतील. कोणी तक्रार घेऊन येणार नाही. ‘मॅडम, तुम्हाला फक्त माहिती असावी म्हणून’ असे म्हणत येतील. आपण ऐकून घेतले, एखादी मान हलवली, की शॉपला समजते की खरी मंजुरी अजून इथेच मिळते. चाकणहून आलेला माणूस मग कागदावरचा मॅनेजर उरतो. दार बंद करा असे मी म्हणत नाही. छळ, सुरक्षितता, गैरव्यवहार यांसाठी ते उघडेच हवे. पण उत्पादनाचा, माणसांचा किंवा पद्धतीचा विषय निघाला की प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: ‘हे मॅनेजरांशी बोललात का?’ ‘नाही’ असेल तर चहा पाजा आणि त्यांच्याकडे पाठवा. ‘हो, पण पटलं नाही’ असेल तर तिघे मिळून बसा, त्यांच्या पाठीमागे नको. डेप्युटींना हा बदल 1 सप्टेंबरच्या आधीच सांगा, म्हणजे पहिल्यांदा परत पाठवताना ते अपमान समजणार नाहीत.

शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हेच लागू. त्यात नव्या मॅनेजरांना पहिल्या सकाळी घ्या आणि त्या दिवसापासून आपण तिथे उत्तरे देणे बंद करा. ग्रुप महिन्याभरात सुनसान झाला, तर दुसरा ग्रुप निघाला असे समजा. तो शोधत बसू नका. चौथ्या आठवड्याच्या बैठकीत जे निघेल त्यावर काम करा.

नव्या मॅनेजरांना पहिल्या तिमाहीचे मोठे आकडे देऊ नका. व्हार्टनचे मॅथ्यू बिडवेल यांनी 2011 साली एका गुंतवणूक बँकेतील नोंदींवरून दाखवले की बाहेरून आलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा पगार जास्त मिळाला, तरी पहिली दोन वर्षे त्यांचे मूल्यमापन कमीच राहिले. बँक आणि मशीन शॉप एक नव्हे, पण कारण सारखेच लागू आहे: कोणाला काय विचारायचे हे शिकण्यात वेळ जातो. आणि आपल्याकडे तर तो वेळ कोणी मुद्दामही लांबवू शकतो. नव्या लाइनचे टप्पे ठरवा. चालू लाइनचे रिजेक्शन मात्र पूर्वीच्याच पातळीवर टिकले तर पहिल्या सहामाहीसाठी ते पुरेसे माना.

हे सारे करूनही डेप्युटी आडवे लावत असतील, म्हणजे माहिती दडवत असतील किंवा सुपरवायझरांना वेगळ्या सूचना देत असतील, तर प्रथम मॅनेजरांनी नेमक्या प्रसंगासह त्यांच्याशी एकट्याने बोलावे, मग आपण, आणि मग लेखी. सहा महिन्यांची वाट पाहू नका. आणि ते दिवाळीनंतर दुसरीकडे जायचे ठरवतील, तर त्यांना मानाने निरोप द्या. शॉपमधले सेहेचाळीस जण तोही प्रसंग पाहत असतील. सातपूरला मॅनेजर आठ महिन्यांत गेले आणि डेप्युटी अकराव्या महिन्यात. दोघेही गेल्यावर तो जुना पंप बदलला गेला.

काम जमते आहे की नाही हे ऑक्टोबरच्या मध्यास कळेल, आणि त्यासाठी सर्वेक्षण लागत नाही. रात्री दोन वाजता मशीन बंद पडले तर रात्रपाळीच्या सुपरवायझरने पहिला फोन कोणाला केला, हे विचारा. पहिल्या महिन्यात तो डेप्युटींनाच जाणार, ते ठीक आहे. दीड महिन्यानंतरही मॅनेजरांना सकाळी साडेसातच्या मीटिंगमध्येच कळत असेल, तर पुन्हा त्या वाटणीच्या पानाकडे आणि आपल्या केबिनच्या दाराकडे पाहावे लागेल. डेप्युटी स्वतःच ‘आधी साहेबांना सांग, मग मला’ असे सुपरवायझरला म्हणू लागले, तर आपल्याला ते कोणाकडून तरी ऐकू येईलच.

आणि दसरा आता फार दूर नाही. आपल्या शॉपमध्ये खंडेनवमीला मशीनची पूजा होत असेल, तर गेल्या वर्षी ती कोणी केली हे पाहून ठेवा. डेप्युटी करत असतील तर यंदाही त्यांनीच करावी, नव्या मॅनेजरांनी बाजूला उभे राहून प्रसाद घ्यावा, आणि हे आधी ठरवून नव्या मॅनेजरांना सांगावे. नाहीतर एचआरमधला कोणीतरी उत्साहाने नारळ त्यांच्या हातात देईल.